चिमणीचा आकडा आणि बंद खिडकी

स्वयंपाकघरातल्या धूर ओढणाऱ्या चिमणीबद्दल असा सल्ला मिळतो, पण त्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत: “१२००च्या वरची चिमणी घ्या, मग पाइप कसाही वळवला तरी चालतो. आणि चिमणी चालू असताना खिडकी-दार घट्ट बंद ठेवा, म्हणजे सक्शन वाया जात नाही.”

खोक्यावरचा १२०० हा आकडा ताशी घनमीटरांचा असतो आणि बहुधा तो पंख्यापुढे काहीच अडथळा नसतानाचा असतो. तेवढी हवा सहा इंची पाइपमधून खरोखर न्यायची झाली, तर तिला ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने धावावे लागेल. पाइपमधला विरोध साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे प्रत्यक्षात पंखा त्याहून बऱ्याच कमी प्रवाहावर स्थिरावतो. मोठ्या मोटरने आवाज मात्र नक्की वाढतो.

वळणांचा हिशेब मुलुंडला बहिणीच्या घरी स्पष्ट दिसला. चिमणी मोठी, पण तिचा सुरकुत्यांचा लवचीक पाइप फॉल्स सीलिंगमधून चार काटकोनी वळणे घेत खिडकीपर्यंत गेला होता, आणि काचेतले भोक लहान म्हणून शेवटी तो सहा इंचांवरून चार इंचांवर आणला होता. घट्ट वळणावर हवा आतल्या कडेपासून सुटून भोवरे करते आणि पंख्याने दिलेला दाब तिथे खर्ची पडतो. चार इंचांचे तोंड तर त्याहून वाईट, कारण तिथे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी होते आणि तेवढाच प्रवाह न्यायला त्या टोकाशी सुमारे पाचपट दाब लागतो. आम्ही चिमणी तीच ठेवली. गुळगुळीत सहा इंची पाइप, दोनच गोलसर वळणे आणि पूर्ण मापाचे तोंड एवढेच बदलले. तरीही बोंबील तळले की धूर बैठकीच्या खोलीत येतच होता.

कारण खिडकी-दार बंद होते. जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच आत यावी लागते. वाट नसेल तर खोलीतला दाब उतरतो, पंख्याचा प्रवाह घटतो आणि हवा मिळेल त्या फटीतून, कधी न्हाणीच्या जाळीतून दुर्गंधासह, ओढली जाते. घरात धुराड्याचा गॅस गिझर असल्यास त्याचा विषारी वायू उलटा आत येऊ शकतो, आणि हे गैरसोयीपेक्षा फार गंभीर आहे. पारख सोपी आहे: शेगडी बंद पण चिमणी चालू ठेवून, चिमणीच्या जाळीखाली वीतभर अंतरावर पेटती उदबत्ती धरावी आणि दुसऱ्या कुणाला समोरचे दार हळूहळू उघडायला सांगावे. दार उघडताच धुराची रेघ वर ताठ खेचली गेली, तर कमतरता येणाऱ्या हवेची होती. बहिणीकडे नेमके तसेच झाले.

मात्र शेगडीलगतची खिडकी उघडू नये. तिथला आडवा झोत धूर जाळीपर्यंत पोहोचण्याआधीच बाजूला ढकलतो. हवा खोलीच्या पलीकडच्या टोकाकडून, सावकाश यावी. आता बहिणीकडे बैठकीची खिडकी चार बोटे आणि मधले दार पूर्ण उघडे असते.