तूच लिहून आण, मी सही करतो

"मामा, परदेशी मास्टर्सच्या अर्जासाठी ऑफिसातल्या सरांकडे शिफारसपत्र मागितलं. सर म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. १५ डिसेंबर शेवटची तारीख आहे. लिहून देऊ का?"

नको देऊस. नोंदी दे, पत्र देऊ नकोस. यातला फरक सांगायला एक ओळ पुरली असती, पण घरच्यांच्या ग्रुपवर त्यावर जे रामायण झालं, त्याने माझा अख्खा रविवार खाल्ला. इथे जर्मनीत रविवारी बाटल्या कंटेनरमध्ये टाकल्या तरी समोरची बाई खिडकी उघडून बघते, त्यामुळे वाद घालण्यापलीकडे करण्यासारखं फारसं नव्हतंच.

पहिला फटाका ठाण्याच्या मित्राने लावला. तो पंधरा माणसांची टीम सांभाळतो. "मी आजवर सात जणांच्या पत्रांवर सह्या केल्या, सातही जणांना अ‍ॅडमिशन मिळाली. सगळेच असं करतात, त्यात एवढं काय?" नंतर भावोजी आले. बँकेतून निवृत्त, कागदाला कागद जोडणारे. "एचआरकडून लेटरहेडवर अनुभवाचा दाखला घ्यायचा, गोल शिक्का मारून. विषय संपला." भावोजी, त्या दाखल्यात रुजू झाल्याची तारीख, हुद्दा आणि फार तर 'वर्तणूक समाधानकारक' एवढंच असतं. तो कामाचा कागद आहे, पण विद्यापीठ मागतंय ते हे नव्हे. त्यांना रोज काम बघणाऱ्या माणसाचं मत हवंय, आणि ते एचआरकडे नसतं.

गोरेगावच्या ऑफिसात भाचीच्या शेजारी बसणाऱ्या मुलाचं म्हणणं अर्धं खरं होतं: "मॅनेजरच्या पत्राला किंमत नसते, तिन्ही प्रोफेसरांची घ्यायची." संशोधनाकडे झुकलेल्या कोर्ससाठी तसा कल असतो खरा. अमेरिकेत साधारण तीन पत्रं मागतात, त्यात दोन शिक्षकांची नि एक कामावरचं, ही जोडी चालते. पण डिग्रीनंतर अडीच वर्षं नोकरी केलेल्या मुलीने एकही कामावरचं पत्र दिलं नाही, तर वाचणाऱ्याला पहिली शंका तिथेच येते, की अडीच वर्षं ही करत काय होती आणि सांगायला एकही माणूस कसा नाही?

मला राग आला तो 'सगळेच करतात' या वाक्याचा. इथे नोकरी सोडताना मिळणारं आर्बाइट्सत्सॉयग्निस, म्हणजे कामाचं प्रमाणपत्र, हा हक्क आहे, गेवेर्बेओर्डनुंग या व्यवसाय कायद्याचं कलम १०९. साहेबांच्या मर्जीवर नाही, मागितलं की द्यावंच लागतं. ग्रुपवर हे लिहिताना मला जरा बरं वाटलं, ते कबूल करतो. आमच्याकडे असं, तुमच्याकडे तसं. 'आमच्याकडे' हा शब्द कधी बदलला, ते माझ्याही लक्षात आलं नाही.

उत्तर मावसबहिणीने दिलं. पार्ल्याला राहते, इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते आणि दर नोव्हेंबरात मुलांचे फॉर्म भरून तिचे डोळे जातात. ती म्हणाली, "नीतिमत्तेचं राहू दे. स्वतः लिहिलेलं पत्र पकडलं कसं जातं ते सांगते." तिचं म्हणणं माझ्या शब्दांत लिहितो.

उमेदवार स्वतः पत्र लिहितो तेव्हा त्याला फक्त बायोडेटात असलेलंच माहीत असतं. मग पत्र बायोडेटाची दुसरी प्रत होतं. शिवाय स्वतःची स्तुती स्वतः करताना माणूस संकोचतो आणि गुळगुळीत विशेषणांकडे वळतो: मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर. तिन्ही पत्रं त्याच हाताची असली तर 'passionate' हा शब्द तिन्हीत येतो, काय आणि का शिकायचंय ते सांगणाऱ्या निबंधात, म्हणजे एसओपीतही येतो, आणि स्वल्पविरामाच्या चुकाही त्याच. त्यावर कळस म्हणजे पीडीएफ. वर्डमधून पीडीएफ केली की फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'Author' समोर ज्याच्या लॅपटॉपवर लिहिलं त्याचं नाव राहू शकतं. सही साहेबांची आणि लेखक उमेदवार! ते नाव पुसता येतं, पण पुसायला लागतंय यातच सगळं आलं. शिवाय बऱ्याच पोर्टलवर पत्र अपलोड करताना 'हे मी लिहिलं आहे' अशी टिक साहेबांनाच करायची असते. मित्राने त्या सात वेळा ती केली असणार, न वाचता.

अमेरिकेच्या अर्जात आणखी एक चौकोन असतो, तो उमेदवाराचा. १९७४च्या फर्पा कायद्याप्रमाणे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्या फाईलमधली पत्रं बघता येतात; तो हक्क सोडायचा का, असं तिथे विचारतात. सोडतो म्हणायचं. नाही म्हटलं तर साहेबांनी मोकळेपणाने लिहिलं असेल का, यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसत नाही. आता गंमत बघा: हक्क सोडला असं टिक करायचं, आणि पत्र तर आपणच टाईप केलेलं!

मग करायचं काय? साहेबांकडे वीस मिनिटं मागायची. जेवायच्या सुट्टीत नको, सकाळच्या स्टँडअप मीटिंगच्या आधी. जाताना एक पान न्यायचं: कोणकोणते कोर्स, प्रत्येकाची तारीख, एसओपीचा कच्चा मसुदा आणि आपण एकत्र केलेल्या तीन कामांच्या नोंदी. नोंदी म्हणजे काय झालं, कधी झालं, आकडे काय होते. विशेषणं एकही नको. ती साहेबांनी घालायची.

भाचीची नोंद मी वाचली. आधी तिने लिहिलं होतं: "रिकन्सिलिएशन मॉड्यूलमधला क्रिटिकल बग सोडवला." असं तर गोरेगावातला कोणीही लिहील. फोनवर खोदून विचारलं तेव्हा कळलं की रात्रीच्या पेमेंटच्या मेळात रोज काही नोंदी जुळत नव्हत्या. दोन दिवस ती बँकेकडून आलेल्या फाईलला दोष देत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने न जुळलेल्या नोंदी तासाप्रमाणे मांडल्या, तर सगळ्याच्या सगळ्या मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या निघाल्या. सर्व्हर यूटीसीवर चालत होता, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे त्या वेळातले व्यवहार आदल्या तारखेला पडत होते. तिने स्वतःच साहेबांना सांगितलं, "सर, माझा आधीचा अंदाज चुकला होता."

या प्रसंगातलं सोनं बग सुटण्यात नाही. अंदाज चुकला, तो धरून न बसता आकडे वेगळ्या तऱ्हेने मांडले आणि चूक आपणहून सांगितली, ते सोनं आहे. प्राध्यापकाला तेच हवंय, कारण मास्टर्सच्या प्रोजेक्टमध्ये पहिला अंदाज चुकतोच. आणि हे फक्त साहेब लिहू शकतात, कारण "माझा अंदाज चुकला" हे ऐकणारे तेच होते. तिने स्वतः लिहिलं असतं तर ते दोन दिवस पहिले गाळले असते.

पत्र एका पानाचं पुरतं, चारशे-पाचशे शब्द. सुरुवातीला नातं: किती महिने, कुठल्या भूमिकेत, थेट हाताखाली की दुसऱ्या टीममधून. मग हा प्रसंग, सावकाश. मग तुलना. ती टाळली की पत्र पडतं. "आजवर माझ्या हाताखाली आलेल्या नव्या मुलांमध्ये पहिल्या तिघांत" हे वाक्य 'उत्कृष्ट' या शब्दाच्या दहा पट चालतं, अट एवढीच की ते खरं असावं. शेवटी एक उणी बाजू, खरीखुरी: तिचे रिपोर्ट लांब होतात, मुद्दा तिसऱ्या पानावर येतो. 'फारच मेहनत करते' ही उणीव नव्हे, त्याला वाचणारे हसतात. क्लायंटचं नाव आणि रकमा घालायच्या नाहीत. 'एक खासगी बँक' पुरे.

पोर्टलवर पत्राशिवाय तक्ताही असतो: बुद्धी, लेखन, नेतृत्व, प्रत्येकापुढे पहिले पाच टक्के, पहिले दहा टक्के असे रकाने. घाईत साहेब सगळीकडे सगळ्यात वरची टिक करतात. मग पत्रात रिपोर्ट लांबतात म्हणायचं आणि तक्त्यात लेखन पहिल्या पाच टक्क्यांत, हे कसं जुळायचं? लेखनाची टिक दोन रकाने खाली आली तर वरच्या टिकांना वजन येतं.

पत्र अपलोड करायची लिंक विद्यापीठाकडून जाते ती साहेबांच्या ऑफिसच्या मेलवर. जीमेल दिला तर काही विद्यापीठं उलट विचारतात. ऑफिसच्या मेलवर ती स्पॅममध्ये अडकू शकते, त्यामुळे लिंक पाठवलेल्या दिवशीच विचारायचं, "सर, आली का?" कंपनीचा नियम लेटरहेड देऊ नये असा असेल, तर साहेबांनी वैयक्तिक नात्याने लिहावं आणि तसं पत्रात म्हणावं.

ताईचा प्रश्न मात्र या सगळ्यापेक्षा शहाणा होता. "साहेबाला आत्ताच कळलं की ही ऑगस्टमध्ये जाणार, तर मार्चच्या अप्रेझलचं काय?" नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड धरला तर राजीनामा मेमध्ये द्यावा लागतो, नोव्हेंबरातच तोंड उघडणं म्हणजे पगारवाढीवर पाणी सोडणं असू शकतं. माझ्याकडे याला उत्तर नाही. आधीचा मॅनेजर दुसऱ्या कंपनीत गेला असेल तर त्याच्याकडून घेता येतं, तो तेव्हाचं नातं आणि काळ पत्रात लिहितो. पण भाचीला दुसरा मॅनेजर मिळालेलाच नाही.

ग्रुपवर न लिहिलेलं थोडं इथे लिहितो. त्सॉयग्निसचं कौतुक मी केलं, पण त्यातही बॉस सर्रास म्हणतो, मसुदा तूच दे. आणि त्याची भाषा तर सांकेतिक. 'श्टेट्स त्सू उन्झरर फोल्स्टन त्सुफ्रीडनहाइट', म्हणजे 'सदैव आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे', असं लिहिलं तर अव्वल. त्यातले 'श्टेट्स' आणि 'फोल्स्टन' गळले की जेमतेम पास. 'प्रयत्न केला' असं लिहिलं तर नापास. शेवटी आभार नि शुभेच्छा नसल्या तर पुढचा बॉस भुवई उंचावतो. कायदा सांगतो छुपे अर्थ घालू नका, आणि सगळे ते छुपे अर्थच वाचत बसतात. हे मला ग्रुपवर सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

आणि गोरेगावचे ते साहेब आळशी आहेत असं मी धरून चाललो होतो. मावसबहीण म्हणाली, "अरे, त्यांना इंग्रजीची धास्ती असेल. कोड उत्तम लिहितात, पण पानभर इंग्रजी म्हटलं की हात थांबतो. परदेशी माणसासमोर आपलं हसं होईल म्हणून 'तूच लिहून आण'." तिथे जन्म काढूनही हे मला सुचलं नाही. त्यांना म्हणायचं, सर, मराठीत बोला. फोनवर दहा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, ते त्यांनीच किंवा टीममधल्या दुसऱ्या कोणीतरी इंग्रजीत उतरवायचं, भाचीने नाही, आणि सरांनी वाचून आपल्या लॅपटॉपवरून अपलोड करायचं. इंग्रजी साधं असलं तर बिघडत नाही. साडेपाच तासांची गोष्ट साध्या इंग्रजीतही कळते.

मित्राचं मत बदललेलं नाही. आठवं पत्र येतंय म्हणाला.

भाची मंगळवारी सकाळी साडेनऊला सरांना गाठणार आहे. नोंदींच्या पानावरून 'क्रिटिकल' हा शब्द तिने खोडलाय.