सहावी मेणबत्ती

पाच हजार रुपये, हाताखाली एकही माणूस नाही, मुदत तीस दिवस. यात बसेल असा जगावेगळा व्यवसाय सुचवा. तुमच्या कॉलेजात किंवा सोसायटीच्या युवक मंडळात अशी स्पर्धा जाहीर झाली असेल, तर अभिनंदन! आता वेळ न घालवता सुगंधी मेणबत्त्या करायला घ्या. आमच्या घरी गेल्या रविवारी सहावी आली. शोकेसमध्ये अजून जागा आहे.

सुरुवात अर्थातच लोगोपासून.

मग स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या टीना सीलिग यांच्या वर्गातली गोष्ट सांगा. ती सांगितल्याशिवाय उद्घाटन होतच नाही. गटागटाला पाकिटात पाच डॉलर दिले, विचार करायला हवा तितका वेळ, पण पाकीट उघडलं की पैसे कमवायला दोनच तास, आणि नंतर वर्गापुढे तीन मिनिटांचं सादरीकरण. सगळ्यात जास्त, साडेसहाशे डॉलर कमावणाऱ्या गटाने त्या पाच डॉलरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आपली तीन मिनिटंच त्यांनी एका कंपनीला विकली, कारण त्या कंपनीला याच वर्गातली मुलं नोकरीला हवी होती. टाळ्या होऊ द्या. टाळ्या थांबल्या की वही काढून पाच हजारांची वाटणी मांडा: मेणाला दोन हजार, काचेच्या बरण्यांना दीड, लेबलांना आठशे, उरलेले रिबिनीला. गोष्ट गोष्टीच्या जागी, धंदा धंद्याच्या जागी.

मर्यादा म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या. मोठा धंदा धुवून आटवायचा. हॉटेल परवडत नाही? डबे करा. डबे परवडत नाहीत? लाडू. कल्पना तीच, फक्त कमरेत आवळलेली. एखादी गोष्ट परवडत नसेल तर तिच्याशिवाय चालेल का, हा प्रश्न चुकूनही विचारू नका. तो विचारला की नवीन काहीतरी सुचायची भीती असते.

मुदतीची काळजी तर मुळीच नको. सोयाचं मेण ओतलं की त्यात सुगंध नीट मुरायला आठवडा-दोन आठवडे जातात. वात बारीक निघाली तर मधोमध खड्डा पडतो, कडेचं मेण तसंच राहतं आणि ज्योत आपल्याच मेणात बुडते. मग वात बदला, पुन्हा ओता, पुन्हा मुरवा. दोन चाचण्यांत महिना संपला. तरी तीस दिवसांसाठी माल हाच निवडा, कारण फोटो छान येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: कर्मचारी शून्य ठेवा. म्हणजे आईला सांगा. मेण आई वितळवेल, रात्री बरण्या आई पुसेल, पातेल्याला चिकटलेलं मेण सकाळी तीच खरवडेल. बाबांची स्कूटर पोचवायला आहेच, पेट्रोल कुठे आपल्याला मोजायचंय! ताई रील बनवेल. मावशी तिच्या भिशीत दहा खपवेल. मग सादरीकरणात मोठ्या अक्षरांत लिहा: मनुष्यबळ खर्च शून्य, नफा तीन हजार दोनशे. अरे, आईचे चाळीस तास धर ना त्यात! तासाला शंभर रुपये लावले तरी चार हजार होतात. म्हणजे तू आठशे रुपये तोट्यात आहेस आणि वर ट्रॉफी घेतोयस. माणूस नाही ही अट कशासाठी होती? जे काम दोघांशिवाय होत नाही ते यादीतून उडवावं, किंवा ते काम गिऱ्हाईक स्वतः आनंदाने करेल अशी रचना शोधावी, यासाठी. फुकटचा माणूस शोधण्यासाठी नव्हे. एवढी साधी गोष्ट परीक्षकांपैकी एकालाही विचारावीशी वाटत नाही, कारण त्यांच्याही घरी पातेलं दुसरंच कोणीतरी खरवडतं.

गिऱ्हाईक म्हणून नातेवाईक घ्या. ते परत करत नाहीत.

बास झाली थट्टा. हे कसं करायचं ते सरळ सांगतो, पेन घ्या.

दुकान, माल, नोकर, जाहिरात, पोचवणं हे पाच शब्द लिहा आणि पाचही खोडा. मग प्रत्येकापुढे लिहा, हे आधीपासून कोणाकडे पडून आहे. पुण्यातली दोनशे फ्लॅटची एखादी सोसायटी घ्या. माल लोकांच्या स्वयंपाकघरातच आहे: टोमॅटो दाबला जातो पण कापला जात नाही, असल्या बोथट सुऱ्या. त्यांना धार लावून द्यायची, हाच धंदा. दुकान म्हणजे क्लब हाउसबाहेरचं टेबल, समितीची परवानगी काढून. जाहिरात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पोचवायचं काम गिऱ्हाईक करेल: आठ ते नऊमध्ये सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून, फ्लॅट नंबर घालून आणून द्यायची आणि एकला घेऊन जायची. सायकलवरचा धारवाला पूर्वी दारोदार ओरडत फिरायचा. इथे दारं तुमच्याकडे येतात, ठरलेल्या दिवशी, पैसे आधी भरून.

खर्चाला एक दुतर्फा पाणदगड, चारशे आणि हजार ग्रिटचा, साधारण आठशे-हजार रुपये. जुना चामडी पट्टा घरात असतो. पहिला आठवडा कमाईचा नाही, घरच्या सुऱ्या बिघडवण्याचा आहे. दगड दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवायचा, सुरी दगडाशी पंधरा ते वीस अंशांत धरायची आणि खरखरीत, म्हणजे चारशेच्या बाजूवर घासायची. पलीकडच्या बाजूने पात्याच्या कण्याकडून धारेच्या दिशेने अंगठा हलकेच बाहेर सरकवला की टोकापासून मुठीपर्यंत बारीक कंगोरा लागला पाहिजे. मधेच लागत नसेल तर तिथे धार झालीच नाही, बाजू बदलू नका. बहुतेकांची सुरी इथेच फसते: कंटाळून उलटतात, किंवा घासता घासता कोन बदलतो आणि धार गोल होते. दोन्ही बाजू झाल्या की हजारवर, मग पट्ट्यावर. लोंबता वर्तमानपत्राचा कागद न अडकता कापला गेला तरच सुरी परत द्या.

दातेरी सुरी नाकारा. कात्रीही पहिल्या महिन्यात नको. तिची आतली सपाट बाजू दगडाला लागली की दोन पाती एकमेकांशी नीट जुळत नाहीत आणि कात्री कापड चावते.

एका सुरीला सात-आठ मिनिटं धरली तर चार तासांत तीस होतात. पन्नास रुपये दराने दीड हजार. उरलेल्या तीन आठवड्यांचे सहा शनिवार-रविवार म्हणजे नऊ हजार, तेही दर वेळी नवी सोसायटी धरून आणि सहाही सोसायट्यांत तीस-तीस सुऱ्या आल्या तर. पहिल्या दिवशी दहाच आल्या तर दगडाला दोष देऊ नका, वेळ चुकली असेल. संध्याकाळी बसून बघा. यातून कारखाना उभा राहणार नाही. एकट्याचे हात चार तासांनी दुखतात आणि वाढ तिथेच अडते. पण पाचव्या दिवशी ग्रुपवर विचारून, पैसे आगाऊ घेऊन, ही गरज खरी आहे की नाही ते कळतं. तुम्हाला ते अठ्ठाविसाव्या दिवशी कळतं, तेही मावशीकडून.

लाज वाटू द्या जरा. पाच हजार तुमचे नव्हते, महिना तुमचा होता आणि हात आईचे होते. आणि ती सहावी मेणबत्ती येऊन घेऊन जा. मधे खड्डा पडून कालच विझली आहे.