भागाकाराने संदेश तुटत नसतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

लांब मराठी संदेश 400 बाइटपर्यंतच्या तुकड्यांत कसा तोडावा, यावर मी कोडसह एक लेख लिहिला होता. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया आणि माझे उत्तर.

प्रतिक्रिया: "साहेब, एवढा पाल्हाळ कशाला? देवनागरी अक्षर तीन बाइटचे. 400 ला 3 ने भागा, दर 133 अक्षरांनी तोडा, विषय संपला. पहिलीतल्या पोरालाही जमेल. शिवाय तुमच्या कोडने 'नमस्कार' मधला 'स्का' फुटतोच, आणि मर्यादा 2 दिली की लूप थांबतच नाही."

उत्तर: महोदय, मतभेद मांडायला पहिलीतले पोर मध्ये आणण्याचे काही कारण नव्हते. ज्या काळात एका कचेरीतली मराठी फाइल दुसऱ्या कचेरीत उघडत नसे, त्या काळापासून मी हेच काम करतो आहे, त्यामुळे "विषय संपला" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. लूपबद्दलचे आपले म्हणणे मान्य: मर्यादा किमान 4 असावी, ही अट कोडमध्ये लिहायला हवी होती.

आता भागाकार. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना आणि हलन्तही, तीन बाइटचे असते हे खरे. पण रिकामी जागा एका बाइटची आणि 🙏 चार बाइटचा असतो. आपल्या 133 चिन्हांत एक 🙏 आला तर 396 अधिक 4, म्हणजे नेमके 400 होतात आणि तुकडा बसतो. दोन आले की 401. नेहमीच्या वाक्यात शब्दांमधली प्रत्येक रिकामी जागा दोन बाइट वाचवते, म्हणून हा दोष चाचणीत दिसतच नाही. मग कोणी एका ओळीत 133 वेळा 🙏 ठोकतो आणि तुकडा 532 बाइटचा होतो. आयआरसी या चॅट-व्यवस्थेवर पाठवणाऱ्याचे नाव, चॅनेल आणि ओळ संपल्याची खूण धरून अख्खी ओळ 512 बाइटची. पुढचे बहुधा सर्व्हर मुकाट्याने टाकून देतो आणि टोकाला � उरते. 4 ने भागाल तर सुरक्षित राहाल, पण शुद्ध मराठी मजकुरात 400 पैकी 300 बाइटच वापराल.

म्हणून बाइटच मोजायचे आणि मागे सरकायचे. `b` म्हणजे मजकुराचे बाइट, `j` म्हणजे तोडीची जागा:

```python
while j < len(b) and b[j] & 0xC0 == 0x80:
    j -= 1
```

'नमस्कार' 21 बाइटचा आहे. मर्यादा 10 धरा. `b[10]` हा `A5`, म्हणजे चिन्हाच्या पोटातला बाइट. `b[9]` हा `E0`, म्हणजे चिन्हाची सुरुवात. तोड 9 वर बसते. वैध मजकुरात तीनपेक्षा जास्त पावले मागे जावे लागत नाही, मग चिन्ह कोणत्याही लिपीचे असो. यातले काय पाल्हाळ वाटले, ते आपणच सांगावे.

राहिला 'स्का'. दुसरा तुकडा हलन्ताने सुरू होतो, हे मलाही दिसते. पण तुकडे जोडले की मजकूर बाइटशः तोच राहतो आणि लेखाचे आश्वासन तेवढेच होते. तुकडे सुटे वाचायचे असतील, तर तोडीच्या मागचा शेवटचा `0x20` शोधून तिथे तोडा. हा बाइट यूटीएफ-8 च्या बहुबाइटी चिन्हात कधीच येत नाही. एकच शब्द मर्यादेहून लांब निघाला, तर वरचा लूप आहेच.