फोटोतली पळी

गणपतीच्या आधीचा आठवडा आला की मला माझ्या फोनची धास्ती वाटू लागते. आमच्या घराण्याच्या परदेशी शाखेला याच सुमारास देव आठवतो, आणि देवापाठोपाठ मी. मग फोटो येतो. गालिच्यावर टॉवेल, टॉवेलवर आजीने बॅगेत कोंबून दिलेली पूजेची उपकरणी, आणि खाली एक ओळ : "काका, यातलं काय काय आहे?"

या वेळी फोटो जर्मनीतल्या पुतण्याचा होता. त्यात एक चमचा, दोन भांडी, एक परात म्हणावी असं काहीतरी, एक शंख आणि पंख असलेली एक छोटी मूर्ती. शंख तेवढा त्याने स्वतः ओळखला होता, आणि त्याबद्दल स्वतःचं कौतुकही करून घेतलं होतं.

आता फोटोची मुख्य खोड अशी की त्यात सगळं एकाच मापाचं दिसतं. पूजेची पळी आणि आमटीचा डाव यांचा नूर फोटोत सारखाच. मी लिहिलं, "शेजारी एखादं नाणं ठेवून परत काढ." त्याने युरोचं नाणं ठेवून फोटो पाठवला. त्यावर इंदूरच्या आत्याचा लगेच निरोप आला, "पूजेआधीच दक्षिणा का ठेवली रे?" तिला समजावण्यात एक संध्याकाळ गेली, पण नाण्याने काम केलं. चमच्याचं तोंड नाण्याहून जरासं मोठं, दांडा लांब आणि दांड्याच्या टोकाला नागाची फणी. ही पळी. आत्या तिला आचमनी म्हणते, आणि आम्ही पळी म्हणतो म्हणून आमची कीव करते.

दोन भांड्यांपैकी पंचपात्र कुठलं, हा पुढचा पेच. पंचपात्र सरळ उभं, गोल, काठ किंचित बाहेर वळलेला. पूजेचं पाणी त्यात आणि पळी त्या पाण्यात. त्याने नेमकं दुसरं उचललं, कारण ते जास्त नक्षीदार होतं. पाणी भरलं आणि फोनवरून ओरडला, "काका, हे गळतंय! आजीने फुटकं दिलं!" फुटकं नव्हतं, ते अभिषेकपात्र होतं. तळाला बारीक भोक असतंच. पिंडीवर टांगायचं आणि त्यातून संततधार धरायची, एवढ्यासाठीच त्याचा जन्म. फोटो बाजूने काढला की तळ दिसत नाही, आणि भोक दिसलं नाही की अभिषेकपात्र सभ्य लोटा वाटतं. परातीसारखं जे होतं ते ताम्हन. देवाला स्नान त्यात घालायचं, आचमनाचं पाणीही त्यातच सोडायचं. जर्मन टॉवेलने तोवर ताम्हनाचं काम बजावलं होतं.

पंख असलेल्या मूर्तीने मात्र सगळ्यांना कामाला लावलं. हात जोडून बसलेला, पाठीशी पंख, खाली गोल घेरदार बैठक. सूनबाईंनी त्याला गंध लावून देवांच्या रांगेत बसवलंसुद्धा होतं. "काका, हे कुठले देव? यांना नैवेद्य वेगळा लागतो का?" मी म्हटलं, "उचल आणि खालून फोटो काढ." खालच्या फोटोत लोलक दिसला. ती घंटा होती. घंटेच्या मुठीवर गरुड असतो, कधी मारुतीही असतो, आणि टेबलावर ठेवलेली घंटा समोरून पाहिली तर बिचारीचं घंटापण झाकून जातं. मग वाजवून दाखव म्हटलं. फोनवरूनसुद्धा नाद लांबत गेला, म्हणजे काशाची असावी. कासं म्हणजे तांबं आणि कथील. पितळेत कथलाच्या जागी जस्त असतं, आणि पितळी घंटा टण् करून लवकर गप्प बसते. पण काशाची घंटा हातातून फरशीवर पडली तर तडकते, आणि तडकलेली घंटा बद्द वाजते. पूजा होईपर्यंत ती लहान लेकापासून लांब ठेव, एवढं बजावलं. लेकाने तोवर मागणी नोंदवलीच होती.

शंख ओळखलेला असल्यामुळे पुतण्या त्याला सोडायला तयार नव्हता. गाल फुगवून फुंकतोय, फुंकतोय, आवाज नाही. होणार कसा? वाजवायच्या शंखाचं टोक कापून भोक केलेलं असतं. पूजेतला शंख अखंड असतो, त्यात पाणी भरतात. तो जमिनीवर नाही, त्याच्या तीन पायांच्या अडणीवर ठेवायचा. अडणी फोटोत नव्हती. ती सूनबाईंनी अंडं ठेवायचं स्टँड समजून स्वयंपाकघरात नेली होती. आत्याला हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

चतुर्थीला सकाळी व्हिडिओ कॉल. आधी मांडणी. घंटा आपल्या डाव्या हाताशी, कारण उजव्या हाताने धूप-दीप ओवाळताना ती डाव्यानेच वाजवायची असते. शंख उजवीकडे. मग आचमन, आणि इथे भल्याभल्यांची गाडी अडते. पळी डाव्या हातात घ्यायची, पंचपात्रातलं पाणी उजव्या तळहातावर ओतायचं आणि अंगठ्याच्या मुळाशी ओठ नेऊन प्यायचं. पाणी किती? उडदाचा दाणा बुडेल इतकंच. पुतण्याने तळहात काठोकाठ भरला आणि सूप प्यायल्यासारखा असा भुरका मारला की पलीकडून सूनबाईंनी नॅपकिन आणला. केशवाय, नारायणाय, माधवाय, या तीन नावांना पाणी प्यायचं. गोविंदाय म्हणताना प्यायचं नाही, ते हातावरून ताम्हनात सोडायचं. त्याने चौथंही पिऊन टाकलं. वर म्हणाला, "तहान लागली होती."

शंखाला गंध, फूल वाहून झालं. अक्षतांची चिमूट उचललीच होती, तेवढ्यात मी ओरडलो. शंखाला अक्षता वाहत नाहीत. पण घंटेला वाहतात, आणि हे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे शंखावर अन्याय." मग घंटा वाजवायला सांगितली. देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं म्हणून ती वाजवतात, हा अर्थही सांगितला. दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचे शेजारी आले होते. ते यातल्या कुठल्या गटात, याचा निर्णय मी त्याच्यावर सोपवला.

पंचामृत मात्र वेळीच वाचवलं. त्याने ते सुबक दिसतं म्हणून तांब्याच्या वाटीत आदल्या रात्रीच कालवून ठेवायचा बेत केला होता. दह्याचा आंबटपणा आणि तांबं एकत्र आले की पंचामृत कळकतं. चव जिभेला चरचरीत लागते, रंग हिरवट होतो, आणि प्रसाद घेणाऱ्याला मळमळतं. काचेच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात कर, देवाला घालण्यापुरतंच ताम्हनात येऊ दे आणि ताम्हन लगेच धू, चिंच नसेल तर लिंबू-मीठ लाव, असं सांगून मी फोन ठेवला.

तासाभराने पुन्हा फोन.

"काका, ताम्हनातलं पाणी कुठे टाकू? सिंकमध्ये चालेल?"

"छे छे. झाडाला घाल."

बराच वेळ तिकडून काही आवाज नाही. मग तो म्हणाला, "आमच्याकडे एकच झाड आहे काका. प्लास्टिकचं."

ग्रुपवर चर्चा अजून चालू आहे. आत्याच्या मते शेजाऱ्यांकडे झाड असेल, तर त्यांना परत बोलवायला हरकत नाही.