‘डिझेल सायकल ऑटोपेक्षा नेहमीच जास्त कार्यक्षम’

चूक. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते तो आकडा, दोन्हीकडे 18 धरा; हवेच्या विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर γ = 1.4. स्थिर आकारमानावर उष्णता देणाऱ्या ऑटोची, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राची, कार्यक्षमता 68.5% येते. डिझेलची, कट-ऑफ रेशो 2 असताना, म्हणजे उष्णता मिळता मिळता आकारमान दुप्पट होत असताना, 63.2%; 3 केला की 58.9%. कारण साधं आहे: डिझेलमध्ये पिस्टन खाली सरकत असतानाच उष्णता मिळत राहते. कट-ऑफ 2 असेल तर शेवटच्या उष्णतेच्या वाट्याला प्रसरण 18 पट नाही, फक्त 9 पट येतं. कट-ऑफ 1 कडे नेला की डिझेलचा आकडा ऑटोला जाऊन भिडतो.

मग गैरसमज कुठून? पेट्रोल इंजिनाला नॉकिंगमुळे, म्हणजे दाबलेलं मिश्रण आपोआप पेटण्यामुळे, कॉम्प्रेशन रेशो 10 च्या आसपास थांबावं लागतं. तिथे ऑटो 60.2%. म्हणजे कट-ऑफ 2 चं डिझेल पुढे, 3 चं मात्र मागेच!