फिलिप्स कर्व्ह मेली का? एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "सर, लेख छान पण पुस्तकी वाटला. बेकारी कमी की महागाई जास्त, हे तुमचं गणित आमच्या सोलापुरात कधीच दिसलं नाही. माग बंद पडतायत, पोरं पुण्याला चालली, तरी कांदा, गॅस, भाडं सगळं वरच. अमेरिकेतसुद्धा हा नियम फेल गेलाय असं वाचलं. मेलेली थिअरी का शिकवताय?"

दादा, आधी कबूल करतो, लेखात मी फिलिप्स कर्व्ह म्हणून बेकारी कमी तिथं महागाई जास्त अशी एकच खाली उतरणारी रेषा काढली आणि तिथंच थांबलो, ती चूक माझी. ती रेषा बघून कुणालाही वाटेल की सरकारनं बेकारीचा आकडा निवडायचा आणि त्याच्यासमोरचा महागाईचा आकडा मुकाट घ्यायचा, हॉटेलातल्या मेनू कार्डासारखं. १९६० च्या दशकात बऱ्याच लोकांनी ते तसंच वाचलं, आणि नंतर जे झालं ते त्याच वाचण्यातून झालं.

थोडा इतिहास, पटकन. फिलिप्स हा मूळचा न्यूझीलंडचा, शिक्षणानं इंजिनिअर, अर्थव्यवस्था समजवायला पाण्याच्या टाक्या आणि नळ्यांचं मशीन बनवणारा माणूस (ते मशीन मला त्याच्या कर्व्हपेक्षा जास्त आवडतं, पण ते जाऊ दे). १९५८ मध्ये त्यानं ब्रिटनचे १८६१ ते १९५७ चे आकडे मांडले. एका बाजूला बेकारी, दुसऱ्या बाजूला मजुरी वाढायचा वेग. लक्षात घ्या, मजुरी, किमती नाही. माणसं मिळेनाशी झाली की मालक मजुरी चढवतात, रिकामी माणसं गेटवर उभी असली की नाही चढवत, इतकी साधी गोष्ट. १९६० मध्ये सॅम्युएलसन आणि सोलो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी ती अमेरिकेच्या किमतींना लावली. ही रेषा पुढं सरकू शकते हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं, पण मेनू कार्ड हातात आल्यावर तळटीप कोण वाचतंय.

आता मुद्द्याचं. माझ्या ओळखीत अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवणारे एक जण आहेत, त्यांच्याकडं मजुरीचं बोलणं चालू असताना मी एकदा बसलो होतो. कामगार काय म्हणाला? "मालक, किराणा एवढा वाढलाय, पुढच्या वर्षी अजून वाढणार, त्याचं धरून द्या." म्हणजे त्याची मागणी दोन गोष्टींची बनलेली होती. एक, महागाई किती वाढेल असं त्याला वाटतंय. दोन, हे काम सोडलं तर दुसरीकडं मिळेल का. बेकारी फक्त दुसऱ्या गोष्टीत येते. पहिली गोष्ट फिलिप्सच्या चित्रात नव्हतीच, आणि १९६७-६८ च्या सुमारास फ्रीडमन आणि फेल्प्स या अर्थशास्त्रज्ञांनी वेगवेगळं काम करून नेमकं यावरच बोट ठेवलं.

आकडे घालून बघू, सगळे मनचे आहेत, फक्त समजायला.

महागाई = लोकांना वाटणारी महागाई − ०.५ × (बेकारी − ६)

म्हणजे बेकारी ६ टक्के असली की महागाई लोकांना वाटते तेवढीच राहते, आणि लोकांना काय वाटतं तर मागच्या वर्षी होती तेवढी. सुरुवात २ टक्क्यांपासून. सरकारनं जोर लावून बेकारी ४ वर आणली आणि तिथंच धरून ठेवली. पहिल्या वर्षी महागाई ३. चालतंय की, एक टक्का महागाईच्या बदल्यात दोन टक्के बेकारी कमी, सौदा चांगला. पण दुसऱ्या वर्षी कामगार ३ धरूनच बोलायला बसतो, मग महागाई ४. तिसऱ्या वर्षी ५, मग ६, मग ७. बेकारी मात्र आहे तिथंच, ४. एकदाच द्यायची किंमत दरवर्षी द्यावी लागली.

आता ७ वरून परत २ ला यायचंय. बेकारी ८ करा आणि तिथं ठेवा, दरवर्षी एक टक्का उतरेल, ६, ५, ४, ३, २. पाच वर्षं लोकांनी घरी बसायचं.

आता या दहा वर्षांचे ठिपके कागदावर मांडा. बेकारी ४ च्या समोर ३ ते ७, बेकारी ८ च्या समोर ६ ते २. सरासरी काढली तर ४ ला महागाई ५, आणि ८ ला महागाई ४. चार टक्के बेकारीच्या फरकात महागाईचा फरक फक्त एक टक्का, म्हणजे उतार ०.२५, आणि आपण सूत्रात घातलेला होता ०.५. सूत्र मी एकदाही बदललं नाही, तरी ठिपके बघणारा म्हणणार की संबंध अर्ध्यावर आला! तुम्ही जे "फेल गेलं" वाचलंय त्यातला मोठा भाग हाच आहे.

अमेरिकेत खरंच असं घडलं. १९६१ मध्ये बेकारी ६.७ आणि महागाई एक टक्का, १९६९ ला बेकारी ३.५ आणि महागाई ५.५, म्हणजे दशकभर मेनू कार्ड बरोबर चाललं. १९७५ ला मात्र बेकारी ८.५ आणि महागाई ९ च्या वर, दोन्ही एकदम. तेलाचे भाव भडकले होते हे खरं, पण १९७० च्या मंदीतही महागाई उतरली नव्हती आणि तेव्हा तेलाचा धक्का बसायचा होता. लोक महागाई धरूनच करार करायला लागले होते. शेवटी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख वोल्कर यांनी व्याजदर २० टक्क्यांच्या जवळ नेले, १९८२ च्या शेवटी बेकारी १०.८ झाली, आणि १९८० ची १३.५ टक्के महागाई १९८३ मध्ये ३.२ वर आली.

इथवर सगळं सूत्रात बसतं, पण १९९० नंतर आणखी एक गोष्ट झाली आणि लेखात मी ती सोडलीच होती. लोकांनी मागच्या वर्षीची महागाई धरणं सोडलं. मध्यवर्ती बँक आकडा जाहीर करते, थोडं इकडंतिकडं झालं तरी लोक तोच धरून चालतात. मग आपल्या सूत्रात "लोकांना वाटणारी" च्या जागी कायमचे २ लिहा. बेकारी ४ असली तर महागाई ३, दुसऱ्या वर्षीही ३, चढतच नाही. बेकारी १० झाली तर शून्य, आणि तिथंच थांबते. २००९ च्या ऑक्टोबरला अमेरिकेत बेकारी १० टक्के झाली, सगळे म्हणत होते आता किमती कोसळणार, पण अन्न आणि इंधन सोडून मोजलेली महागाई २०१० च्या ऑक्टोबरमध्ये ०.६ पर्यंत आली आणि तिथून परत वर गेली. उलट २०१९ च्या शेवटी बेकारी परत ३.५, म्हणजे १९६९ इतकीच, आणि त्या वर्षाची महागाई मात्र २ च्या आत. बेकारी तीच असून महागाईत एवढं अंतर पडलं ते मुख्यतः कामगार आणि दुकानदार डोक्यात कुठला आकडा धरून बसलेत त्यामुळं.

हे नुसतं माझं मत नाही. हॅझेल, हेरेन्यो, नाकामुरा आणि स्टाइनसन या चौघा अर्थशास्त्रज्ञांनी एक हुशारी केली, देश न बघता अमेरिकेतली राज्यं एकमेकांशी ताडून बघितली. एका देशात मध्यवर्ती बँक एकच, म्हणजे पुढच्या महागाईबद्दलचा अंदाज सगळ्या राज्यांत साधारण सारखाच, तो वजा होतो आणि उरतो तो फक्त बेकारीचा परिणाम. त्यांना दिसलं की उतार १९८० च्या सुरुवातीलाही लहानच होता, नंतर थोडासाच कमी झाला. म्हणजे वोल्करच्या काळात महागाई जी धडाधड उतरली ती बहुतेक लोकांचा अंदाज बदलल्यानं.

अजून एक गंमत. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. ऑफिसात एसी २६ वर लावलेला असतो. महिनाभर तुम्ही कॉम्प्रेसर किती चालला आणि खोलीचं तापमान किती होतं याची नोंद ठेवली तर खोली कायम २६, कॉम्प्रेसर कधी जास्त कधी कमी, दोघांचा काही संबंधच नाही असं निघेल. मध्यवर्ती बँक काम नीट करत असेल तर महागाईच्या आकड्यांचं हेच होतं. बाजार तापला की ती व्याज चढवते, गार पडला की उतरवते, आणि आकड्यांतून संबंध पुसला जातो. एसी बंद करून बघा मग कळेल संबंध आहे का नाही.

आता सोलापूर. तुम्ही म्हणता माग बंद पडले तरी कांदा महाग. बरोबर, पण कांद्याचा भाव पावसावर ठरतो, आपल्याच मार्केट यार्डात बघा, एखादा अवकाळी झाला की आठवड्यात भाव कुठल्या कुठं जातो, त्यात मागवाल्याच्या बेकारीचा काय संबंध. देशाच्या किरकोळ महागाईच्या २०१२ च्या मालिकेत खाण्यापिण्याचं वजन जवळपास ४६ टक्के होतं, एवढा मोठा भाग हवामानावर हलत असेल तर बेकारीचा बारीक परिणाम त्या गोंगाटात ऐकूच येणार नाही. गॅसचा भाव तर सोलापुरात ठरतच नाही. शिवाय आपल्याकडं माग बंद पडलेला माणूस बेकार म्हणून मोजला जाईलच असं नाही, तो रिक्षा चालवतो, भाजीची गाडी लावतो, घरबसल्या शिलाई करतो. आकड्यात तो कामावरच आहे. त्यामुळं एका शहरावरून हा नियम खरा की खोटा हे ठरवता येत नाही, तुमच्या बाजूनंही नाही आणि माझ्या बाजूनंही नाही.

२०२२ बद्दल मात्र तुमची बाजू जड आहे. अमेरिकेची महागाई जून २०२२ ला ९.१ होती, वर्षभरात ३ वर आली, आणि बेकारी दोन्ही वेळेला ३.६. साध्या रेषेतून हे निघत नाही. पुरवठा अडकला होता तो सुटला आणि लोकांचा पुढच्या काही वर्षांच्या महागाईचा अंदाज फारसा हलला नव्हता, असं सांगता येतं आणि मला ते पटतंही, पण कामगारांची टंचाई फार वाढली की उतार एकदम खडा होतो असं म्हणणारेही आहेत आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

राहिलं आपल्याकडचं. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेला ४ टक्क्यांचं लक्ष्य कायद्यानं दिलंय, दोन वर दोन खाली. पण इथं किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणं बदलतो, आणि औद्योगिक कामगारांचा जो निर्देशांक निघतो त्यासाठी भाव गोळा करण्याच्या केंद्रांत सोलापूर आहे. म्हणजे जिथं हा भत्ता खरोखर मिळतो तिथं मागची महागाई कुणी अंदाज न करताच मजुरीत येते, आपल्या पहिल्या सूत्रासारखी. अमेरिकेत सत्तरच्या दशकात युनियनच्या करारांत असंच कलम असायचं. पीस रेटवर काम करणाऱ्या मागवाल्याला मात्र ते कलम नाही, त्याला मालकासमोर बसून "धरून द्या" म्हणावं लागतं, आणि गेटवर दुसरा उभा असेल तर मालक ऐकत नाही. तेवढा फिलिप्स तुमच्या गल्लीतही आहे, दादा. पुढच्या वेळी मजुरीची बोलणी असतील तेव्हा मला बोलवा, मी येऊन बसतो.