कोनाड्यातून गेलेला छेद

"आता जुन्या घरांची मापं घ्यायला टेप लागत नाही. खोली स्कॅन करा, पॉइंट क्लाउडचा जमिनीपासून चार फुटांवर आडवा छेद घ्या, भिंती सॉफ्टवेअर स्वतःच काढतं. अर्ध्या तासात मिलिमीटरपर्यंत बरोबर अ‍ॅज-बिल्ट प्लॅन तयार. सर्व्हेवाल्यांना उगाच पैसे देऊ नका."

हा मेसेज आठवड्यात तीन ग्रुपवरून आला. चौथ्यांदा तो एका गिऱ्हाइकानेच पाठवला, खाली "मग तुमचं बिल कशाचं, भाऊ?" असं विचारून. विचारणं रास्त आहे. पृष्ठभागांवरचे लाखो ठिपके टिपून त्यांचा पॉइंट क्लाउड बनवणारा स्कॅनर मी स्वतः वापरतो आणि गंगापूर रोडवरच्या एखाद्या नव्या, रिकाम्या फ्लॅटसाठी यातलं बरंचसं खरंही आहे. पण मेसेजमध्ये जुनी घरं म्हटलंय. म्हणून जुन्या नाशकातली एकच खोली घेतो: सराफ बाजारामागच्या गल्लीतल्या एका वाड्याचं माजघर. मालकांना तिथे स्वयंपाकघर करायचं होतं आणि आर्किटेक्टला आधी आहे तसा नकाशा हवा होता. पहिला नकाशा आमच्याच ऑफिसातल्या मुलाने काढला, अगदी या मेसेजमधल्या रीतीने. तो चुकला, आणि कुठे चुकला ते सांगण्यासारखं आहे.

चार फुटांपासून सुरुवात करू. प्लॅन म्हणजे साधारण १.२ मीटरवर घर आडवं कापून वरून पाहिल्यावर दिसतं ते, ही रीत खरीच आहे. खिडक्या, दारं त्या उंचीला सापडतात म्हणून ती पडली. पण वाड्यात त्या उंचीला आणखी एक गोष्ट सापडते, ती म्हणजे कोनाडे. या माजघराच्या लांब भिंतीत पाऊण-पाऊण मीटर रुंदीचे तीन कोनाडे आहेत, जमिनीपासून एक मीटरवर सुरू होऊन दीड मीटरच्या थोडे वर संपणारे, ९ इंच खोल. त्याच भिंतीला एक लोखंडी कपाट टेकलेलं, आणि उरलेल्या जागेत खुंट्यांना कपडे. १.२ मीटरवरच्या छेदात भिंतीची खरी दर्शनी बाजू जेमतेम तुकड्या-तुकड्यांनी उरली होती. सरळ, स्वच्छ, लांब रेघा दिसत होत्या त्या कोनाड्यांच्या पाठीच्या. मुलाने त्या जोडल्या आणि पुढे आलेले तुकडे कपड्यांचे समजून पुसले. ३.६० मीटर रुंदीची खोली ३.८३ ची झाली आणि दोन फुटी भिंत सव्वा फुटी झाली. ही भिंत वरच्या मजल्याचा भार घेते. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हातात तो कागद गेला असता तर त्याने भलताच हिशेब मांडला असता.

हे ओळखायची युक्ती साधी आहे. छेद एक न घेता तीन घ्यायचे: ०.४, १.२ आणि २.१ मीटरवर, प्रत्येकी पाच सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या, तीन रंगांत, एकावर एक ठेवून. क्लाउडकंपेअर हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात `Tools > Segmentation > Cross Section` एवढंच लागतं. मात्र उंची मोजायची कुठून ते आधी ठरवा, कारण बऱ्याच स्कॅनमध्ये शून्य उंची जमिनीवर नसते, यंत्राच्या डोक्याशी असते. या माजघराची तर फरशीही मधोमध चार सेंटिमीटर खचलेली होती. आम्ही दाराच्या उंबरठ्याचा माथा शून्य धरला.

तीन रंग एकावर एक आले की खोली बोलायला लागते. फक्त मधल्या रंगात आत गेलेली रेघ म्हणजे कोनाडा. खालच्या दोन रंगांत आहे आणि वरच्यात नाही, ते सामान. आमचं कपाट साडेसहा फुटांचं, म्हणून २.१ मीटरवर त्याच्या मागची भिंत दिसली, तीसुद्धा यंत्र कपाटापासून अडीच मीटर मागे उभं केलं होतं म्हणून. जवळून स्कॅन केलं असतं तर कपाटाच्या वरच्या कडेची सावली भिंतीवर आणखी वर चढली असती. आणि तिन्ही रंग एकमेकांना समांतर पण सरकलेले दिसले, तर भिंत ओळंब्यात नाही. आमची भिंत तळाशी आणि २.१ मीटरवर यांत १२ सूत, म्हणजे दीड इंच, बाहेर कललेली निघाली.

आता यातली कोणती रेघ भिंत म्हणून काढायची? हे स्कॅनर सांगत नाही. ओट्याचा ग्रॅनाइट कापायचा असेल तर ओट्याच्या उंचीवरची, वरची कपाटं टांगायची असतील तर वरची. आम्ही प्लॅनवर १.२ मीटरच्या पातळीची दर्शनी बाजू काढली, कोनाडे त्यात स्वतंत्र दाखवले, आणि कल किती व कुठल्या दिशेला ते बाजूला लिहिलं.

मग भिंती "स्वतः काढण्या"बद्दल. ऑटोकॅडमध्ये `PCEXTRACTSECTION` अशी आज्ञा आहे खरी. ती छेदातल्या ठिपक्यांवरून रेघा बसवते. पण तिला भिंत आणि खुंटीवरचा सदरा यांतला फरक कळत नाही. कॅलेंडर, खाटेचा पाय, दोरीवरचं धोतर, सगळ्यांच्या रेघा होतात. शेकडो बारीक तुकडे मिळतात आणि ते निवडण्यात वेळ जातो. हा त्रास निदान डोळ्यांना दिसतो. न दिसणारा धोका वेगळाच आहे, तो म्हणजे तुकडे साफ करताना सगळं काटकोनात आणण्याचा मोह. ऑर्थो, म्हणजे रेघ फक्त सरळ आडवी किंवा उभी जाऊ देणारी सोय, चालू ठेवून रेघ ओढली की खोली आपोआप गुण्यात बसते. ज्या गवंड्याने ती बांधली त्याने मात्र ती गुण्यात बसवलेली नसते.

आमच्या माजघराच्या मापांवरून पाहा. लांब भिंत ५.४० मीटर, तिच्या एका टोकाची आडवी भिंत ३.६० आणि दुसऱ्या टोकाची ३.६२. मुलाच्या नकाशात रुंदी दुरुस्त केल्यावर ५.४० बाय ३.६० चा सुबक आयत उरला. त्या आयताचे दोन्ही कर्ण ६.४९ मीटर येतात. टेप लावला तर एक कर्ण ६.५५ आणि दुसरा ६.४१ भरला. दोन कर्णांत १४ सेंटिमीटरचा फरक! एका कोपऱ्याचा कोन ८८.५ अंश होता आणि त्याच्या शेजारचा ९१. दीड अंश ऐकायला काहीच वाटत नाही, पण ३.६० मीटरच्या भिंतीच्या दुसऱ्या टोकाला तो ९ सेंटिमीटरवर जातो. कोपऱ्यात फ्रिज बसतो की नाही, ते त्या ९ सेंटिमीटरवर ठरतं. ठिपक्यांमध्ये हा तिरपेपणा पहिल्यापासून होता, घालवला तो रेघ ओढणाऱ्याने.

म्हणून टेप लागतोच, पण तो सगळी खोली मोजायला नाही. दोन कर्ण आणि एका दाराची चौकटीतली भिंतजाडी एवढी तीन मापं जागेवर घ्यायची, कागदावर लिहायची आणि नकाशा झाल्यावर त्याच्याशी ताडायची. पाच मिनिटांचं काम. लेझर मीटर असेल तर त्याहून कमी.

भिंतजाडी मुद्दाम म्हटलं. स्कॅनरला फक्त पृष्ठभाग दिसतो. माजघरातून भिंतीची एक बाजू कळते, दुसरी बाजू पलीकडच्या खोलीतून स्कॅन करावी लागते आणि दोन्ही स्कॅन एकमेकांना जोडावे लागतात. हा जोड सगळ्यात नाजूक, कारण वाड्याची दारं बुटकी आणि अरुंद. दोन्ही खोल्यांना सामाईक दिसणारं म्हणजे दाराची चौकट आणि तिच्यातून डोकावणारा भिंतीचा तुकडा, बस. एवढ्यावर जोडलेले स्कॅन किंचित फिरले तरी सॉफ्टवेअर कुरकुर करत नाही. ०.३ अंश फिरले तर सहा मीटरवर तीन सेंटिमीटर फरक पडतो. आमच्याकडे तसंच झालं: दारापाशी भिंत ६१ सेंटिमीटर, टेपशी जुळणारी, आणि दूरच्या टोकाला ५८. भिंत खरंच निमुळती आहे की स्कॅन फिरलाय, हे स्क्रीनकडे बघून ठरत नाही. दुसऱ्या टोकाच्या खिडकीत हात घालून मोजलं, तिथेही ६१. म्हणजे स्कॅन फिरला होता. परत जाऊन यंत्र थेट उंबरठ्यावर उभं केलं, तिथून दोन्ही खोल्या एकाच स्कॅनमध्ये आल्या आणि फरक गेला. घरातल्या आजी मात्र उंबरठ्यावर तिपाई पाहून नाराज झाल्या, त्यांची समजूत घालण्यात स्कॅनपेक्षा जास्त वेळ गेला.

मिलिमीटरचं थोडक्यात. लायकाच्या पहिल्या बीएलके ३६० चा, म्हणजे तिपाईवरच्या नावाजलेल्या स्कॅनरचा, कंपनीनेच सांगितलेला अचूकपणा दहा मीटरवर ६ मिलिमीटर आहे. आयफोनच्या प्रो मॉडेलमधला लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, साधारण पाच मीटरपर्यंत पोहोचतो आणि हातात धरून फिरताना चूक साचत जाते, तिथे बात सेंटिमीटरचीच. त्यात हाताने केलेला गिलावा असा की दोन वितींवर भिंत दोन सूत आत-बाहेर. मोठं करून पाहिलं तर छेदातली भिंत ठिपक्यांचा जाडसर पट्टा दिसते. त्याच्या मधून रेघ काढायची आणि माप पाच मिलिमीटरच्या टप्प्यात लिहायचं. ३.६०३ असं लिहिणाऱ्याला ती खोली पुन्हा मोजायला सांगावी.

आणि आरसा. देवघराशेजारी काचेच्या मोठ्या तसबिरी होत्या, त्यांच्यामागे भिंतीच्या पोटात एक अख्खी भुताटकीची खोली स्कॅनमध्ये आली. चादर टाकून झाकायचं, विसरलात तर ते ठिपके आधी कापायचे.

अर्ध्या तासाचा हिशेब: स्कॅन चाळीस मिनिटं, उंबरठ्याची दुसरी खेप धरून सव्वा तास, नकाशा दीड दिवस. त्यातला मोठा वेळ रेघ कुठली हे ठरवण्यात गेला, आणि काय दिसलं नाही ते दाखवण्यात. कपाटामागची भिंत आम्ही तुटक रेघेने काढली. दिसलेल्या तीन कोनाड्यांच्या मध्यांत बरोबर १.२० मीटर अंतर होतं आणि चौथ्याची जागा नेमकी कपाटामागे येत होती, म्हणून तिथे तुटक रेघेचाच एक कोनाडा काढून शेजारी "अंदाजित, कपाट हलवून पाहणे" असं लिहिलं.

काम सुरू झालं तेव्हा सुताराने कपाट ओढलं. कोनाडा होता, बरोबर त्याच जागी. पण कधीतरी कुणी त्याची पाठ विटांनी भरून घेतली होती, खोली ९ ऐवजी जेमतेम ४ इंच. आर्किटेक्टने तिथे मसाल्याच्या बरण्यांची फळी धरली होती, ती तिने शेजारच्या कोनाड्यात हलवली.